निरभ्र आकाशात वीज आणि वादळी मेघ रंगविणे

निरभ्र किंवा जवळजवळ निरभ्र आकाशाच्या छायाचित्रात संगणकीय ब्रशने काळे ढग व विजा रंगवून त्या मूळ चित्राशी एकजीव करण्याची रीत. यासाठी प्रत्येक गोष्ट स्वतंत्र लेअरवर, म्हणजे पारदर्शक थरावर, रंगवतात आणि तो लेअर खालच्या चित्रात कसा मिसळावा हे ब्लेंड मोडने, म्हणजे मिश्रणपद्धतीने, ठरवतात. फोटोशॉप, क्रिटा व गिंप या तिन्ही प्रणालींत त्यामागचे गणित सारखेच आहे. आकाश काळवंडवण्यासाठी मल्टिप्लाय आणि वीज उजळवण्यासाठी स्क्रीन, अशी कामाची सर्वसाधारण वाटणी असते.

पूर्वपीठिका. छायाचित्रात दुसरे आकाश बसविण्याची गरज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निर्माण झाली. कलोडियन या चिकट द्रवाचा लेप दिलेल्या, त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्या निळ्या व अतिनील प्रकाशालाच संवेदनशील असत. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश अतिप्रकाशित होऊन कोरे पांढरे येई. ढगांची वेगळी ऋणपट्टी घेऊन ती त्याच कागदावर छापण्याची कल्पना काहीजण इपोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराकडे नेतात. ती प्रत्यक्षात यशस्वी करण्याचे श्रेय मात्र सामान्यतः गुस्ताव ल ग्रे याला दिले जाते. त्याच्या १८५६–५७ च्या सुमाराच्या सागरचित्रांपैकी कोणती जोडलेली आणि कोणती एकाच पट्टीवरची, याबद्दल मतभेद होते. सेत येथील मोठ्या लाटेचे चित्र (१८५७) दोन पट्ट्यांचे आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. पाण्यावरील जहाजाचे १८५६ मधील चित्र एकाच पट्टीचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यात सूर्य ढगाआड असल्यामुळे आकाश व पाणी दोन्ही एकाच उद्भासनात मावण्यासारखे आहेत, आणि त्या चित्राला अनेकांनी चांदण्यातले समजण्याचे कारणही हेच दिसते.

विजेच्या पहिल्या छायाचित्राबाबतही एकमत नाही. टॉमस ईस्टर्ली याने १८४७ मध्ये सेंट लुईस येथे डॅगेरोटाइपवर, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, वीज टिपली असे मानतात, पण हे चित्र नंतरच्या प्रतीवरून ओळखले जाते. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज याचे १८८२ मधील छायाचित्र अधिक भक्कम पुरावा ठरते. विजेच्या आकाराचा प्रश्न त्यातून निकाली निघाला, म्हणून चित्रकाराच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचे आहे. त्याआधी १८५६ मध्येच जेम्स नेझ्मिथ या अभियंत्याने चित्रकारांची कोनदार, करवतीच्या दातांसारखी वीज निसर्गात दिसत नसल्याचे दाखवून दिले होते. आपल्याकडच्या पहाडी लघुचित्रांत अभिसारिकेच्या डोईवरच्या काळ्या ढगांतून जाणारी सोनेरी नागमोडी रेघ या बाबतीत वास्तवाच्या अधिक जवळ होती.

संगणकावर पारदर्शकतेसह चित्रे एकमेकांवर रचण्याचे गणित टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये पद्धतशीर मांडले. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले. तोपर्यंत केलेला बदल चित्रात कायमचा मुरत असे. आजच्या पद्धतीने ढग व वीज स्वतंत्र ठेवून हवे तेव्हा बदलणे त्यानंतरच सुकर झाले.

मिश्रणाचे गणित. काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १ धरले, तर खालच्या चित्राचे मूल्य `a` व वरच्या लेअरचे `b` असताना:

```
Multiply: a × b
Screen:   1 − (1 − a) × (1 − b)
```

मल्टिप्लायमध्ये पांढरा रंग निष्प्रभ असतो आणि स्क्रीनमध्ये काळा. काळ्या पार्श्वभूमीवर रंगवलेली वीज स्क्रीनने ठेवली की काळेपणा आपोआप नाहीसा होतो आणि रेघ तेवढी उरते. या सोयीमुळेच नवशिका वीज थेट निळ्या आकाशावर ठेवतो, आणि ती फिकी का पडली हे त्याला उमगत नाही.

एक उदाहरण घेऊ. मे महिन्यातील दुपारच्या स्वच्छ आकाशाचा रंग लाल ११०, हिरवा १६०, निळा २१५ आहे असे धरू (एकूण २५५ पैकी). विजेभोवतीच्या प्रभेचा रंग ४०, ५०, ९० आहे. स्क्रीनने मिसळल्यावर आकाश १३३, १७९, २२९ होते. निळा घटक जेमतेम १४ ने वाढला, कारण वर जायला जागाच उरलेली नव्हती. म्हणून आधी आकाश खाली आणावे लागते.

येथे दुसरी चूक होते. वादळी ढग करडा असतो म्हणून मल्टिप्लायच्या लेअरमध्ये करडा रंग भरला जातो. समजा ९०, ९५, ११० असा निळसर करडा भरला. गुणाकाराने ३९, ६०, ९३ हा रंग मिळतो, म्हणजे गडद निळा. हे आकाश वादळाचे न वाटता रात्रीचे वाटते. मूळच्या निळ्याला मारणारा रंग त्याच्या विरुद्ध अंगाचा, म्हणजे तपकिरी हवा. १५०, १०५, ७५ हा मातकट तपकिरी भरला, तर उत्तर ६५, ६६, ६३ येते आणि आकाश खऱ्या अर्थाने करडे होते. रंगपट्टीवर वादळासाठी कोणी तपकिरी निवडणार नाही. या कामातली सर्वांत उपयुक्त गोष्ट मात्र हीच आहे. निरभ्र आकाश क्षितिजाकडे फिके व वर गडद असते, म्हणून हा तपकिरी सपाट न भरता वरून खाली छटा बदलत नेतात.

आता तीच प्रभा या करड्यावर स्क्रीनने ठेवली की ९५, १०३, १३१ मिळते. निळा ६३ वरून १३१ वर गेला, म्हणजे वाढ १४ ऐवजी ६८. लेअर तोच, मोड तोच. फरक पडला तो फक्त खालच्या काळोखामुळे.

विजेसाठी स्क्रीन चांगला की `Linear Dodge`, यावर जाणकारांत दोन मते आहेत. दुसऱ्या मोडमध्ये मूल्यांची सरळ बेरीज होते. प्रकाशाची बेरीज निसर्गातही तशीच होत असल्याने तो अधिक खरा, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद आहे. परंतु ही गोष्ट रेषीय प्रकाशमूल्यांना लागू पडते. नेहमीच्या आठ-बिट चित्रातील आकडे गॅमा-संस्कारित असतात, म्हणजे ते प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. शिवाय दोन फांद्यांच्या प्रभा जिथे एकमेकींवर येतात तिथे बेरीज २५५ च्या पुढे जाऊन पांढरा सपाट डाग पडतो, तर स्क्रीनमध्ये चढ हळूहळू मंदावतो. त्यामुळे प्रभेसाठी स्क्रीन आणि गाभ्याच्या बारीक रेघेसाठी हवी तर बेरीज, ही विभागणी सोयीची ठरते.

मेघ. मल्टिप्लायने मिळालेला करडा हा केवळ पाया असतो. त्यावर वेगळ्या लेअरवर साध्या `Normal` मोडमध्ये ढगांचे आकार येतात. ब्रशचे टोक ओबडधोबड घेतात, प्रत्येक ठशागणिक त्याचा कोन आपोआप फिरता ठेवतात आणि फ्लो दहा ते वीस टक्क्यांवर आणतात, जेणेकरून थर हळूहळू चढतील. गर्जन्मेघाचा तळ बराचसा सपाट व धूसर असतो आणि कडा फुलकोबीसारख्या गाठीदार व स्पष्ट असतात. सगळ्या कडा मऊ ब्रशने ओढल्या की ढगाचा धूर होतो. दूरचे ढग क्षितिजाकडे लहान व चपटे होत जातात. हे न पाळल्यास आकाश भिंतीसारखे उभे दिसते.

झाडांच्या कडांजवळ मल्टिप्लाय फार मदत करतो. पाने आधीच गडद असल्याने तपकिरी थर त्यांच्यावर थोडा ओघळला तरी डोळ्यांत येत नाही आणि कापल्यासारखी पांढरी किनार उरत नाही. विजेच्या लेअरला ही सवलत नाही. तिची प्रभा पानांवर चढली की वीज झाडापुढे येते, त्यामुळे तिथे मास्क काळजीपूर्वक रंगवावाच लागतो.

वीज. विजेचा प्रत्यक्ष मार्ग दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा मानला जातो. ३ किमी अंतरावरची अशी वीज ३६ मिमी रुंद संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी भिंगाने, ६,००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात टिपली, तर ती एका पिक्सेलच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकी भरेल. छायाचित्रात तिला जी जाडी दिसते ती प्रखरतेमुळे आलेली असते. म्हणून जाड पण मंद रेघ कधीच विजेसारखी वाटत नाही. जितकी जाड तितकी तेजस्वी, आणि फांदी जितकी बारीक तितकी अंधूक हवी.

काळ्याने भरलेल्या लेअरवर कडक कडेच्या, दाबानुसार बारीक होणाऱ्या ब्रशने आधी मुख्य मार्ग काढतात. तो एका लयीत वळत नाही. एखादा लांब जवळजवळ सरळ भाग, मग दोन-तीन छोटे झटके, पुन्हा लांब भाग. ढगातून जमिनीकडे येणाऱ्या नेहमीच्या विजेच्या फांद्या खाली, प्रवासाच्या दिशेने फुटतात आणि बहुतेक जमिनीपर्यंत न पोहोचताच विरतात. फांद्या वर उघडणारी वीज उंच मनोऱ्यावरून निघते. ती मोकळ्या माळावर काढली तर जाणकाराला लगेच खटकते. या लेअरची प्रत धूसर करून निळसर-जांभळी छटा दिली की प्रभा तयार होते. त्यानंतर वीज जिथून बाहेर पडते तिथला मेघतळ आतून उजळवावा लागतो. हे राहून गेले तर वीज ढगावर चिकटवलेली दिसते.

तयार ठशांचे वीज-ब्रश झटपट काम करतात, पण एकाच चित्रात तो ठसा दोनदा वापरला तर तीच फाटाफूट तशीच पुन्हा येते. आरसा फिरवूनही ती लपत नाही. फोटोशॉपमधील `Filter > Render > Difference Clouds` काळ्या-पांढऱ्या उतरत्या छटेवर चालवून, चित्र उलटे करून व लेव्हल्सने दाबूनही वीज मिळते. मात्र तिच्या फांद्यांची दिशा आपल्या हाती राहत नाही.

काळी पार्श्वभूमी पूर्ण काळी नसणे हा सर्वांत सामान्य दोष. ती ० ऐवजी ८ असेल, तर ६५ चे आकाश ७१ होते आणि विजेभोवती फिकट चौकोन उमटतो. लेअर सुरू-बंद करून पाहिल्यास तो झटकन ओळखू येतो. लेव्हल्समध्ये काळा बिंदू थोडा उजवीकडे सरकवला की तो जातो.

मर्यादा. आकाश बदलले तरी जमिनीवर मूळचे ऊन राहते. निरभ्र दुपारच्या सावल्या काळ्या व धारदार असतात. वादळी ढगाखाली प्रकाश सर्व बाजूंनी पसरून सावल्या जवळजवळ पुसल्या जातात. जमिनीचा कॉन्ट्रास्ट उतरवून, सावल्या उचलून आणि पाण्यातील निळे प्रतिबिंब करडे करून बरीच भरपाई होते. भिंतीवर पडलेली खांबाची ठळक सावली मात्र हाताने रंगवून काढल्याशिवाय जात नाही. त्यामुळे या कामासाठी सूर्य कलल्यानंतरचे किंवा सावलीतल्या दृश्याचे छायाचित्र निवडणे श्रेयस्कर. वृत्तछायाचित्रणात दृश्यात नसलेली वस्तू घालणे निषिद्ध असल्याने ही रीत तेथे वर्ज्य मानली जाते.