दवाखान्याच्या आराखड्यामागचा इतिहास : बाटलीतली फी, हजार रुग्ण आणि एक पलंग

तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना काढू पाहणारा एमबीबीएस डॉक्टर बँकेपुढे आराखडा ठेवतो, तेव्हा त्यात रोजचे रुग्ण, उपकरणे, माणसे, परवाने आणि तपासणी फी असे पाच तक्ते असतात. हे तक्ते सहसा सुटे सुटे भरले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि कसे गुंतले हे समजायचे तर महाराष्ट्रातला खासगी दवाखाना गेल्या शतकभरात कसा बदलत गेला हे पाहावे लागते. या टिपणात एकाच डॉक्टरचा, रुग्ण दाखल न करणारा दवाखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे.

सुरुवात फीपासून करणे योग्य, कारण जुन्या दवाखान्यात फी नावाचा स्वतंत्र आकडाच नव्हता. रुग्ण घरून काचेची बाटली घेऊन यायचा. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहिली की आतल्या खिडकीपाशी बसलेला कंपाउंडर मोठ्या बरण्यांमधून मिक्स्चर करून त्या बाटलीत भरायचा, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिला खाचा पाडायचा आणि ती बाटलीवर चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. रुग्ण पैसे द्यायचा ते ‘औषधाचे’. डॉक्टरांचे ज्ञान, कंपाउंडरचा पगार, जागेचे भाडे आणि औषधाची मूळ किंमत हे सारे त्या एका रकमेत मिसळलेले असे. 1948 च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले, पण स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला त्यातून वगळले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘के’ अनुसूचीतही अशीच सूट आहे. मात्र डॉक्टरने उघडे दुकान मांडता कामा नये, काउंटरवरून विक्री करता कामा नये आणि खरेदीच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत.

कायद्याने दार उघडे ठेवले, तरी व्यवहार बदलला. कंपनीच्या तयार गोळ्या आणि सिरप आल्यावर बरण्या गेल्या, शेजारी मेडिकल स्टोअर उभे राहिले आणि औषधाचे पैसे तिकडे जाऊ लागले. दवाखान्यात उरली ती फक्त तपासणी. आता भाडे, पगार आणि डॉक्टरांचा प्रपंच या एकट्या फीवर आला, आणि रुग्णाच्या मनात मात्र ‘औषध दिले नाही, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न राहिला. ग्रामीण भागात दोन दिवसांच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन धरून फी घेण्याची पद्धत अजून टिकून आहे, ती यामुळेच. आराखडा करणाऱ्याने अशी एकत्र फी ठेवली तरी औषधाचा खर्च वेगळा मांडावा. नाहीतर नफा कुठे मुरतो हे वर्षभर कळत नाही.

आकडेमोड एका उदाहरणाने करून पाहू. यातले आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. समजा, डॉक्टर औषध देत नाहीत. भाडे 15,000 रुपये, दोन कर्मचाऱ्यांचे पगार 24,000, उपकरणे व फर्निचरसाठी काढलेल्या 3 लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 6,500 आणि वीज, पाणी, कचऱ्याचे शुल्क, दुरुस्ती, स्टेशनरी यांचे 9,500, असा महिन्याचा ठरलेला खर्च 55,000 रुपये झाला. फी 200 रुपये आहे, पण पाच दिवसांत परत दाखवायला आलेल्याकडून काही घ्यायचे नाही असा रिवाज आहे. चार भेटींमागे एक अशी फुकट धरली, तर भेटीमागे सरासरी 150 रुपये मिळतात. त्यातून हातमोजे, कापूस, सुया, तपासणीच्या पट्ट्या यांचे 25 रुपये वजा केले की उरतात 125. म्हणजे नुसता खर्च भागवायला महिन्याला 440 भेटी लागतात, आणि 25 दिवस काम धरले तर रोजच्या अठरा. या टप्प्यावर डॉक्टरांच्या हाती एक रुपयाही पडलेला नसतो. घरखर्चासाठी 60,000 हवे असतील, तर 920 भेटी, म्हणजे रोजच्या सदतीस लागतील.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन असे सहा तास, प्रत्येक रुग्णाला आठ मिनिटे, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त पंचेचाळीस. सदतीस आणि पंचेचाळीस यांत अंतर फार थोडे आहे, आणि रुग्ण काही घड्याळ लावून येत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि सोमवारी संध्याकाळी बाकडी भरलेली असतात, ऑगस्टमध्ये तापाच्या साथीत उभे राहायला जागा नसते, आणि इतर वेळी दुपारपर्यंत चारच नावे वहीत चढतात. सरासरीवर आखलेला दवाखाना गर्दीच्या दिवशी मोडतो. आठाची चार मिनिटे होतात. रक्तदाब मोजल्याची नोंद केसपेपरवरून गायब होऊ लागली, की हे घडते आहे असे समजावे. माझ्या मते अशा वेळी रुग्ण वाढवण्यापेक्षा फुकट फेरतपासणीचा रिवाज बदलून तिला निम्मी फी लावणे अधिक प्रामाणिक आहे. वरच्या उदाहरणात तेवढ्याने सरासरी 150 वरून 175 होते आणि रोजच्या भेटी सदतीसवरून एकतीसवर येतात.

या तक्त्यात आणखी एक रक्कम गुपचूप शिरते: प्रयोगशाळेकडून किंवा मोठ्या रुग्णालयाकडून रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारा ‘कट’. 2002 च्या वैद्यकीय नीतिनियमांनी तो स्पष्टपणे निषिद्ध ठरवला आहे. तो उत्पन्नात धरलेला आराखडा पहिल्याच पानावर बेकायदा ठरतो. त्याच नियमांनी फीचा फलक लावणे आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर दाखवणे बंधनकारक केले, तसेच रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांत देण्याचा दंडक घातला. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि 2002 चे नियम पुन्हा लागू झाले. पावतीचे महत्त्व वाढले ते त्याआधी, 1995 मध्ये. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आणि केसपेपर हा पुराव्याचा कागद झाला.

माणसांच्या तक्त्याचा इतिहास कंपाउंडरपाशी सुरू होतो. मिक्स्चर गेले तसे ते पदही गेले, पण त्याची कामे राहिली: नाव लिहिणे, पैसे घेणे, मलमपट्टी करणे, इंजेक्शन देणे. ही सारी कामे एकाच अप्रशिक्षित मदतनिसावर टाकण्याची सवय मात्र चालू राहिली. नाव लिहिण्यापुरती ती चालते. परिचारिकेचे काम ज्या व्यक्तीकडून करून घ्यायचे, तिच्यापाशी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असली पाहिजे, आणि तिचा पगार मदतनिसाच्या पगाराहून जास्त धरावा लागतो. डॉक्टर रजेवर असताना बदली कोण, हा प्रश्नही जुना आहे. मुंबई प्रांताने 1912 मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाची आणि 1938 मध्ये वैद्य-हकिमांची नोंदणी कायद्याने सुरू केली, तेव्हापासून दोन वेगळ्या नोंदवह्या चालत आल्या आहेत. 1996 मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यानंतर राज्याने कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि त्यांवर वाद झाले. म्हणून बदली डॉक्टरची पदवी आणि त्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हे नेमणुकीआधी पाहिलेच पाहिजे.

उपकरणांत भर कशी पडली याची गोष्ट सुईत दिसते. पूर्वी काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवरच्या डब्यात उकळत असत. तीच सुई दिवसभर चाले. एड्सच्या भीतीने एकदाच वापरायच्या सुया रूढ झाल्या आणि दवाखान्यामागे सुयांचा ढीग साठू लागला. 1998 मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. त्यांत एक लक्षात ठेवण्याजोगी रेषा होती: महिन्याला हजाराहून कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागत नव्हते. वरच्या उदाहरणातला 920 भेटींचा दवाखाना त्या काळी सुटला असता. 2016 च्या नियमांनी ही सूट काढून घेतली. आता एकही पलंग नसलेल्या दवाखान्यालाही प्राधिकारपत्र लागते. अशा दवाखान्याला ते एकदाच घ्यावे लागते, इतकाच दिलासा. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे वर्गीकरण, सुई कापण्याचे यंत्र आणि कचरा नेणाऱ्या सामायिक केंद्राशी करार हे खर्च पहिल्या दिवसापासून धरावे लागतात. रक्तमाखला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून कराराआधी गाडी आपल्या गावी आठवड्यातून किती वेळा येते ते विचारावे.

सोनोग्राफी यंत्राचा मोह अनेकांना होतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. आज यंत्र आणायचे तर जागेची नोंदणी, यंत्राची नोंद आणि प्रत्येक गर्भवतीमागे ‘एफ’ फॉर्म भरणे भाग आहे. फॉर्ममधली रिकामी राहिलेली ओळही गुन्ह्याचा आधार ठरू शकते, आणि हे लिखापढीचे काम करायला वेगळा माणूस लागतो. रोज वीस-तीस सामान्य रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्याने ईसीजी, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि तातडीच्या औषधांचा ट्रे यांवर थांबावे.

राहिला पलंग. 1949 च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने शुश्रूषागृहाची व्याख्या केली, ती आजारी माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा अशी. त्यामुळे फक्त तपासून घरी पाठवणारा दवाखाना या नोंदणीबाहेर राहिला आणि आजही आहे. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा एका डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू होतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याने 2021 मध्ये आपलेच शुश्रूषागृह नियम बदलून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे सक्तीचे केले.

व्यवहारात ही रेषा सलाइनमुळे ओलांडली जाते. अशक्तपणा आला की सलाइन हवीच, असा रुग्णाचा आग्रह असतो. मग मागच्या खोलीत एक पलंग येतो, पावसाळ्यात त्याचे तीन होतात, आणि एखाद्या रात्री उलट्या-जुलाबाचा रुग्ण सकाळपर्यंत तिथेच राहतो. त्या रात्री दवाखान्याचे शुश्रूषागृह झालेले असते, पण नोंदणी नसते, रात्रपाळीची परिचारिका नसते, अग्निसुरक्षेची तरतूद नसते आणि एकदाचे घेतलेले कचऱ्याचे प्राधिकारपत्रही बिनपलंगाच्या दवाखान्याचे असते. म्हणून निरीक्षणासाठीसुद्धा पलंग टाकायचा असेल, तर तो किती वेळ आणि कशासाठी वापरणार हे लिहून नोंदणी प्राधिकाऱ्याकडून आधी लेखी उत्तर घ्यावे. महापालिका हद्दीत ते महापालिकेकडून, इतरत्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडून मिळते. नोंदणी घ्यायचीच ठरली, तर ती तीन वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि वरचा 55,000 रुपयांचा तक्ता रात्रीच्या माणसांपासून पुन्हा मांडावा लागतो.