क्लिक कमी असताना ब्रँडच्या ओळखीचे मोजमाप

एखाद्या ब्रँडचे नाव किती लोकांना ठाऊक आहे, याचा अंदाज संकेतस्थळावरील क्लिक मोजून घेणे ही सवय अजून सुटलेली नाही. मात्र क्लिक आणि ओळख यांचा संबंध दिवसेंदिवस सैल होत चालला आहे. शोधाच्या पानावरच पत्ता, वेळ आणि फोन नंबर दिसतो. ग्राहक तिथूनच फोन लावतो, संकेतस्थळ उघडतच नाही. होर्डिंग, प्रदर्शनातला स्टॉल, रिक्षाच्या मागचा फलक यांना तर क्लिक नसतोच. अशा वेळी तीन खुणांवरून ओळखीचा माग काढतात: नावाने केलेला शोध, थेट भेटी आणि छोटे सर्वेक्षण. तिन्ही खुणा अपुऱ्या आहेत आणि प्रत्येकीची चूक वेगळ्या जातीची आहे. त्या एकत्र वाचण्यात अर्थ आहे तो त्यामुळेच.

या नोंदीत नाशिकमधील एक कल्पित उदाहरण घेतले आहे. समजा, पाकीटबंद मनुके आणि बेदाणे विकणाऱ्या एका छोट्या व्यवसायाने ब्रँडचे नाव ‘गोदाकाठ’ ठेवले. माल शहरातल्या किराणा दुकानांत जातो. संकेतस्थळ साधे आहे आणि महिन्याला तिथे शंभरेक क्लिक येतात. मालकाने कॉलेज रोडला दोन होर्डिंग लावली. त्यांचा उपयोग झाला का, हा त्याचा प्रश्न. पुढचे सर्व आकडे याच उदाहरणासाठी रचलेले आहेत.

नावाने केलेला शोध

‘मनुके कुठे मिळतात’ असे शोधणाऱ्याला ब्रँड माहीत असेलच असे नाही. ‘गोदाकाठ मनुके’ असे शोधणाऱ्याने मात्र ते नाव कुठेतरी पाहिले किंवा ऐकले आहे. हे शोध गूगल सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात फुकट दिसतात. मोजायचे ते मुख्यतः इम्प्रेशन, म्हणजे शोधात संकेतस्थळ किती वेळा दिसले. नाव टाइप करून पानावरूनच फोन लावणारा माणूस क्लिकमध्ये कधीच येत नाही, इम्प्रेशनमध्ये येऊ शकतो.

पहिले काम स्पेलिंगचे. मराठी नाव लोक देवनागरीत लिहितात, रोमन लिपीत लिहितात, तोडून लिहितात, ‘ह’ गाळूनही लिहितात. क्वेरी म्हणजे लोकांनी शोधात टाइप केलेले शब्द. क्वेरीच्या फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स, म्हणजे एकाच नमुन्याने अनेक रूपे पकडण्याची सोय, निवडून असा नमुना दिला की बहुतेक रूपे एकत्र येतात:

```
goda ?ka+th?|गोदा ?काठ
```

दुसरे काम जास्त कटकटीचे. गोदाकाठ म्हणजे नदीचा काठही. रामकुंडावरची आरती, घाटाजवळच्या लॉज, पुराचे पाणी यांच्या शोधांतही हा शब्द येतो. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू झाला की असे शोध वाढणार हे उघड आहे. त्यामुळे क्वेरींची यादी एक्सपोर्ट करून शीटमध्ये हाताने चाळावी लागते. घाट, आरती, हॉटेल असे शब्द असलेल्या ओळी बाजूला काढायच्या. नुसत्या ‘गोदाकाठ’ या एका शब्दाचे काय करायचे, हे सरासरी स्थान आणि क्लिकचे प्रमाण पाहून ठरते. ‘गोदाकाठ मनुके’साठी संकेतस्थळ पहिल्या स्थानावर असेल आणि नुसत्या शब्दासाठी आठव्या-नवव्या स्थानावर, शिवाय शंभरात एखादाच क्लिक येत असेल, तर तो शोध नदीचा आहे. तो मोजणीतून वगळलेला बरा. आपल्या गावातल्या नदीचे, देवीचे किंवा किल्ल्याचे नाव ब्रँडला देणाऱ्यांना हा त्रास कायमचा असतो.

तिसरी गोष्ट छोट्या ब्रँडला हमखास फसवते. फारच थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही. दोन-तीन महिन्यांत काही डझन लोकांनीही न केलेला शोध यात मोडतो. फिल्टर न लावता एकूण आकडा पाहिला तर हे लपलेले शोध त्यात धरलेले असतात. क्वेरीचा फिल्टर लावला की ते गळतात. परिणामी छोट्या ब्रँडचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि एखादे स्पेलिंग तो उंबरठा ओलांडून यादीत आले की एकदम उसळी मारतो. आपल्या उदाहरणात होर्डिंग लागल्यानंतरच्या महिन्यात नावाच्या शोधावरील क्लिक २२ वरून ४८ झाले. मालक खूश. पण पानाचा फिल्टर लावून फक्त होमपेज पाहिले, तेव्हा शोधातून आलेले एकूण क्लिक ९६ वरून १०१ इतकेच झाले होते. पानाच्या फिल्टरमध्ये लपलेले शोध धरले जातात आणि अशा छोट्या संकेतस्थळाच्या होमपेजवर येणारा बहुतेक माणूस नाव शोधूनच येतो. म्हणजे माणसे जवळपास तेवढीच होती, आधी न दिसणारे एक स्पेलिंग आता दिसू लागले होते. नावाच्या शोधात वाढ दिसली की होमपेजचा आकडा पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

सर्च कन्सोल फक्त गेल्या १६ महिन्यांची माहिती ठेवते. मनुक्यांची मागणी दिवाळीला आणि रमजानमध्ये चढते. त्यामुळे तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षाच्या त्याच हंगामाशी करायला हवी. रमजान तर दरवर्षी अलीकडे सरकतो, तो जुळवून घ्यावा लागतो. यासाठी दर महिन्याला एक्सपोर्ट जपून ठेवणे एवढेच करावे लागते, पण बहुतेक जण तेच करत नाहीत. गूगल ट्रेंड्सचा इथे फारसा उपयोग नाही. ते ० ते १०० असे सापेक्ष आकडे देते आणि शोध कमी असतील तर सरळ शून्य दाखवते.

थेट भेटी

गूगल ॲनालिटिक्समध्ये `(direct) / (none)` या ओळीखाली येणाऱ्या भेटींना थेट भेटी म्हणतात. पत्ता स्वतः टाइप करून आलेला माणूस इथे दिसतो, हे खरे. पण माणूस कुठून आला हे जे जे कळले नाही, ते सगळे याच ओळीत पडते. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक, पीडीएफमधल्या दरपत्रकाची लिंक, पाकिटावरचा क्यूआर कोड, बॉट आणि दिवसातून चारदा संकेतस्थळ उघडून पाहणारे मालकाचे घरचे लोक, सगळे थेट. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिंक टाकली तर त्या दिवशी थेट भेटी तिप्पट होतात आणि दोन दिवसांत पुन्हा खाली येतात.

गाळणी साधी आहे. स्वतः वाटलेल्या प्रत्येक लिंकला खूण लावायची:

```
?utm_source=pakit&utm_medium=qr
```

मग थेट भेटींपैकी होमपेजवर उतरलेले नवे वापरकर्ते तेवढे मोजायचे. `/manuke/kale-500g` असा लांबलचक पत्ता कोणी हाताने टाइप करत नाही. तिथे उतरलेली ‘थेट’ भेट बहुधा व्हॉट्सॲपचीच असते. ऑफिसचा आयपी अंतर्गत म्हणून वगळता येतो, पण कामगार मोबाइल डेटावर असतील तर ते सुटतात. गाळूनही जे उरते त्याला कल दाखवणारा आकडा समजावे. त्यातून माणसांची संख्या काढू नये. तिन्ही खुणांत ही सर्वांत कच्ची.

सर्वेक्षण

आधीच्या दोन्ही मार्गांना शहर नीट दिसत नाही. सर्च कन्सोल देशापलीकडे ठिकाण सांगत नाही. ॲनालिटिक्स शहर दाखवते खरे, पण ते आयपीवरून ठरते आणि मोबाइल नेटवर्कवरचा नाशिककर पुष्कळदा मुंबई किंवा पुण्यात दिसतो. कॉलेज रोडच्या होर्डिंगबद्दल काही कळायचे असेल तर माणसांना विचारण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न तीनच पुरतात, पण क्रम मोडता येत नाही. पहिला: “मनुके-बेदाणे म्हटलं की कोणकोणती नावं आठवतात?” इथे विचारणाऱ्याने एकही नाव सुचवायचे नाही आणि उत्तरे आहेत तशी, आहेत त्या क्रमाने लिहायची. ही आपोआप आठवण. दुसरा: पाच-सहा नावांचा कागद दाखवून, “यातली कोणती ऐकली आहेत?” ही सुचवल्यावरची ओळख. तिसरा: ऐकले असेल तर कुठे. कागद आधी दाखवला तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावरूनच येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

कागदावर एक नाव पूर्णपणे बनावट ठेवतात. समोरचा भिडेखातर “हो, ऐकलंय” म्हणून जातो, विशेषतः विचारणारी कॉलेजची मुलगी उन्हात उभी असेल तर. शंभरांपैकी ३८ जणांनी ‘गोदाकाठ’ ऐकल्याचे सांगितले आणि १४ जणांनी बनावट नावही ऐकल्याचे सांगितले, तर ३८ हा आकडा फुगलेला आहे. ‘गोदाकाठ’सारख्या ओळखीच्या शब्दाला तर बनावट नावापेक्षाही जास्त पोकळ होकार मिळतात. म्हणून इथे तिसऱ्या प्रश्नाला महत्त्व येते: “नदीवर” असे उत्तर देणारा माणूस वजा करायचा.

पहिल्या प्रश्नाला नाशिकमध्ये एक वेगळी अडचण येते. अनेक घरी मनुके सुटे येतात. उत्तर म्हणून ब्रँडऐवजी मेन रोडवरच्या दुकानाचे नाव मिळते किंवा “आमच्या पाहुण्यांचं पिंपळगावला शेड आहे” असे ऐकायला मिळते. ही उत्तरे चुकीची ठरवून टाकून देऊ नयेत. ब्रँड न आठवणाऱ्यांत त्यांची गणती करावी आणि वेगळी नोंदही ठेवावी, कारण पाकिटाची खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे.

माणसे स्वतःच्या ग्राहकांतून निवडायची नाहीत. फेसबुक पानावर टाकलेला फॉर्म ओळखीचे लोकच भरतात आणि आकडा भलताच सुखावणारा येतो. होर्डिंगजवळ एक जागा आणि होर्डिंग नसलेली एक जागा, म्हणजे कॉलेज रोड आणि नाशिक रोड, दोन्हीकडे त्याच वाराला, त्याच वेळी, दर पाचव्या माणसाला विचारणे हा परवडणारा मार्ग आहे. दोन्हीकडे होर्डिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारायचे. दोन भागांतली माणसे मुळातच वेगळी असतात, म्हणून कॉलेज रोडचा आकडा किती हलला हे नाशिक रोडच्या हालचालीशेजारी ठेवून पाहायचे.

किती जणांना विचारायचे, याचे उत्तर केवढा फरक पकडायचा यावर आहे. शंभर जणांच्या सर्वेक्षणात निम्म्याच्या आसपासच्या उत्तराला दोन्ही बाजूंनी सुमारे १० टक्के गुणांची चूक धरावी लागते. चारशे जणांत ती ५ वर येते. उदाहरणात कॉलेज रोडवर आपोआप आठवण आधी १०० पैकी ६ होती, नंतर वेगळ्या १०० जणांत १३ झाली. दुप्पट झाल्यासारखे वाटते. पण या दोन आकड्यांतल्या फरकाची चूक सुमारे ८ गुण आहे आणि फरक ७ गुणांचा. योगायोगाची शक्यता पुरती गेलेली नाही. प्रत्येक फेरीत २०० जण घेतले असते आणि हेच प्रमाण आले असते, तर चूक ६ गुणांच्या आत राहिली असती आणि वाढ खरी मानता आली असती. विचारणाऱ्याची आणखी दोन संध्याकाळची मजुरी वाचवून मालकाने उत्तरच गमावले.

तिन्ही एकत्र वाचताना

तिन्ही आकड्यांची बेरीज करून एकच ‘ओळख निर्देशांक’ काढण्याचा मोह टाळावा; त्यात प्रत्येकाची चूक लपते. त्याऐवजी ते कुठे जुळत नाहीत ते पाहावे. सुचवल्यावरची ओळख वाढली, पण नावाचा शोध तसाच राहिला, तर लोकांनी नाव पाहिले आहे, त्यांना त्याची गरज पडलेली नाही. किराणा मालात हे नेहमीचेच, कारण मनुके घेण्याआधी गूगल करतो कोण? शोध वाढला आणि सर्वेक्षण हलले नाही, तर वाढ बहुधा शहराबाहेरची असते, किंवा जुने ग्राहकच फोन नंबरासाठी नाव शोधत असतात. फक्त थेट भेटी वाढल्या तर आधी व्हॉट्सॲप ग्रुप तपासावेत.

उदाहरणातल्या व्यवसायाबाबत निकाल असा लागतो: होमपेजचे क्लिक स्थिर, गाळलेल्या थेट भेटी स्थिर, आठवणीतली वाढ चुकीच्या मर्यादेत. होर्डिंगचा परिणाम झाला नाही असे यातून सिद्ध होत नाही, झाला असेही म्हणता येत नाही. पुढची फेरी दोनशे जणांची, सिंहस्थाची गर्दी शहरात येण्याआधी घ्यावी लागेल. एकदा भाविक आले की कॉलेज रोडवरचा दर पाचवा माणूस नाशिकचाच असेल याची खात्री उरत नाही, आणि ‘गोदाकाठ कुठे ऐकलंय’ या प्रश्नाला नदीशिवाय दुसरे उत्तर मिळणे अवघड होईल.