पहिल्या प्रकरणातील पूर्वकथा: एका काटछाटीची पार्श्वभूमी

कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातील पूर्वकथा काढून टाकावी आणि घटनेच्या शक्य तितक्या जवळून सुरुवात करावी, या सल्ल्याचे मूळ बहुधा होरेस या रोमन कवीपर्यंत नेले जाते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस काव्यरचनेविषयी लिहिलेल्या पद्यपत्रात त्याने होमरची प्रशंसा केली ती याच कारणासाठी, की ट्रॉयच्या युद्धाची कथा तो हेलनच्या जन्मापासून सांगत बसत नाही, तर श्रोत्याला थेट घटनांच्या मध्यभागी नेतो. ‘इलियड’ युद्धाच्या दहाव्या वर्षी सुरू होते. ‘ओडिसी’चा नायक तर आरंभी कॅलिप्सोच्या बेटावर अडकलेला असतो आणि त्याची आधीची भटकंती ९ ते १२ या सर्गांमध्ये, यजमानांनी विचारल्यावर, तो स्वतःच सांगतो.

मात्र होरेसचा दाखला देताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. होमरच्या श्रोत्यांना ट्रॉयची कथा आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे पूर्वकथा गाळल्याने त्यांचे काहीच अडत नव्हते. कादंबरीकाराला ही सोय नाही, कारण त्याची माणसे कल्पित असतात आणि वाचक त्यांना प्रथमच भेटत असतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अनेक कादंबऱ्या घराणे, मालमत्ता आणि बालपण यांपासून सुरू होतात, त्यामागे ही अडचण आहेच. शिवाय इंग्लंडमध्ये वर्गणी घेऊन पुस्तके वाचायला देणाऱ्या वाचनालयांसाठी निघणाऱ्या तीन खंडी कादंबऱ्यांत पानांची टंचाई नव्हती; ती पद्धत १८९४ नंतर झपाट्याने मोडीत निघाली. या सवयीची थट्टाही जुनीच आहे. १७५९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चा निवेदक आपल्या गर्भधारणेपासून आरंभ करतो आणि तिसरा खंड आला तरी जेमतेम जन्माला येतो.

ही अडचण प्रत्यक्ष संपादनात कशी सुटते, हे अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द सन ऑल्सो राइझेस’मध्ये जवळून पाहता येते. १९२६ च्या जूनमध्ये मजकूर स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेकडे पोहोचलेला असताना त्यांचे कादंबरीकार मित्र एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड यांनी टंकलिखित प्रत वाचली आणि सुरुवातीची पाने सैल व परिणामशून्य असल्याचे पत्राने स्पष्ट कळवले. त्या पानांत नायिका ब्रेट अॅश्ली हिची ओळख, तिच्या विवाहांचा इतिहास आणि निवेदक जेक बार्न्सने स्वतःविषयी दिलेली माहिती होती. हेमिंग्वे यांनी ती पाने आखडली नाहीत, तर सरसकट काढली. संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांना त्यांनी कळवलेल्या कारणाचा आशय असा, की या पहिल्या सोळा पानांतले सारे काही पुढे उघड होते, पुन्हा सांगितले जाते किंवा सांगण्याची गरजच नाही.

या कारणातच कामाची कसोटी दडलेली आहे. छापील पुस्तकात ब्रेट तिसऱ्या प्रकरणात, नाचाच्या ठिकाणी एका घोळक्याबरोबर, कोणत्याही परिचयाविना अवतरते. तिच्याविषयीची माहिती आपल्याला पाचव्या प्रकरणात मिळते, आणि तीही जेकचा मित्र रॉबर्ट कोन तिच्यावर भाळून जेककडे चौकशी करतो म्हणून. ती युद्धकाळात रुग्णालयात सेवा करत होती, तिचा घटस्फोट व्हायचा आहे, ती माइक कॅम्बेलशी लग्न करणार आहे, हे जेक तुटक वाक्यांत सांगतो आणि कोनला ते रुचत नाही. पहिल्या पानावर जी नुसती नोंद ठरली असती, ती येथे दोन पुरुषांमधला ताण बनते, कारण ती ऐकण्याची कोणाला तरी निकड आहे. ‘ओडिसी’तही यजमानांनी विचारल्यावरच नायक तोंड उघडतो.

तरीही या कादंबरीचे छापील पहिले प्रकरण पूर्वकथेनेच सुरू होते, ही बाब सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. कोनचे विद्यापीठातील मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद, त्याचे फसलेले लग्न, हे सारे भूतकाळातले आहे. माझ्या मते ते टिकले याची कारणे दोन. एक तर त्या अजिंक्यपदाचे आपल्याला फारसे कौतुक नाही असे जेक लगेच सांगून टाकतो, त्यामुळे निवेदकाचा कोनविषयीचा आकस त्या क्षणी आपल्यासमोर घडत राहतो. दुसरे म्हणजे ते ठोसे पुढे कामी येतात: सतराव्या प्रकरणात कोन जेक आणि माइक यांना लोळवतो व तरुण बुलफायटर रोमेरोलाही मारहाण करतो.

म्हणून खर्ड्यावर हात चालवताना पूर्वकथेचे प्रत्येक वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि तो प्रश्न कथेत प्रथम कोठे पडतो, हे समासात लिहून पाहावे. प्रश्न चौथ्या प्रकरणात पडत असेल तर वाक्य तेथे न्यावे. कोठेच पडत नसेल तर ते गाळावे. काटछाट जास्त झाली की नव्या वाचकाच्या चुकांवरून ती कळते. त्याला उत्सुकता वाटत असेल तर बिघडले नाही, पण भावंडांना तो नवरा-बायको समजत असेल किंवा बोलणारा कोण हे शोधायला मागे जात असेल, तर एखादे नाते किंवा स्थळ परत घालावे लागते. त्यासाठी बहुतेक वेळा अर्धे वाक्य पुरते.