सीमंतोन्नयन आणि डोहाळजेवण: एकच कार्यक्रम नाही हो

हल्ली व्हॉट्सअपवर जी आमंत्रणं येतात ना त्यात वर झोकात लिहिलेलं असतं "सीमंतोन्नयन संस्कार" आणि खाली वेळ संध्याकाळी ५, स्थळ अमुक हॉल, ड्रेसकोड हिरवा. गेलं की कळतं की हे तर डोहाळजेवण आहे, होम नाही, गुरुजी नाहीत, नवरा दाराशी पार्किंग बघतोय. उलटंही होतं, गुरुजींना फोन जातो की "सातव्या महिन्याची पूजा सांगाल का" आणि ते बिचारे विचारतात नक्की काय करायचंय. दोन्ही पोटुशी बाईसाठीच, दोन्हीत आशीर्वाद, दोन्हीत गाणं, म्हणून गोंधळ होतो.

सीमंतोन्नयन हा सोळा संस्कारांपैकी एक, गर्भाधान, पुंसवन आणि मग हा. आपल्याकडच्या बऱ्याच ऋग्वेदी घरांत आश्वलायनाचं गृह्यसूत्र चालतं, त्यात हा चौथ्या महिन्यात सांगितलाय, पारस्कर सहावा किंवा आठवा म्हणतो. म्हणजे सातवा महिना हा मुळात संस्काराचा हट्ट नाहीच, तो आपल्या लौकिक डोहाळजेवणाचा. आता दोन्ही एकाच दिवशी उरकतात म्हणून सगळं सातव्यात येऊन पडलं, एवढंच.

त्यात घडतं काय तर नवरा-बायको शेजारी बसतात, अग्नी प्रज्वलित करून आहुत्या देतात. ऋग्वेदातली राकेची ऋचा त्यात येते, राका म्हणजे पौर्णिमेची देवता, तिला विनवलंय की न तुटणाऱ्या सुईनं हे काम शिवून टाक आणि वीर पुत्र दे. सुईची ती कल्पना मला फार आवडते, पुढची पुत्राची मागणी मात्र आज कानाला खटकते हे खरं. मग नवरा मागे उभा राहून बायकोचा भांग खालून वर पाडतो. त्यासाठी कच्च्या उंबरांचा घोस (उंबरं सम संख्येत हवीत), तीन पांढरे पट्टे असलेला साळिंदराचा काटा आणि दर्भाच्या जुड्या, तोंडी "भूर्भुवः स्वरोम्", आणि हे तीनदा किंवा चारदा. साळिंदराचा काटा काही घरांत पिढ्यानपिढ्या डबीत जपून ठेवलेला असतो, नसेल तर गुरुजी स्वतःच्या सामानातून काढतात.

आता गंमत ऐका. भांग पाडून झाला की सूत्र सांगतं, दोन वीणा वाजवणाऱ्यांना म्हणा की सोम राजाचं गाणं गा. म्हणजे या संस्कारातही गाणं आहेच, फक्त ते बाईला उद्देशून नाही. सोम राजा आम्हा माणसांच्या प्रजेचं रक्षण करो अशा अर्थाचं ते आहे आणि त्यात एक जागा मोकळी ठेवलीय, तिथं आपण ज्या नदीकाठी राहतो तिचं नाव घालायचं. वाईचं घर असेल तर कृष्णा, नाशिकचं असेल तर गोदावरी, पुण्यात मुठा म्हणायचं (आता तिची अवस्था बघून जीभ अडखळेल ते सोडा). वीणावाले आता कुठून आणणार, म्हणून बहुतेक ठिकाणी गुरुजीच ते म्हणून टाकतात, पण नदीचं नाव घालायला आठवण करून द्या, गडबडीत तेच राहून जातं.

डोहाळजेवणाच्या गाण्याचं सगळंच वेगळं. तिथं देव नाही, तिथं ही आहे, झोपाळ्यावर नाहीतर चंद्रकोरीत बसलेली, हिरवी साडी, हिरवा चुडा, डोक्यापासून फुलांची वाडी. गाणी तिच्याबद्दल, आणि बहुतेकांची बांधणी महिन्यांची असते, पहिल्या महिन्यात काय झालं, दुसऱ्यात काय नकोसं वाटलं, असं करत नववा. आमच्या मावश्या हे जागेवर जुळवतात, एक नमुना:

तिसऱ्या गं महिन्यात हिला भाताचा वास सोसेना
कैरी आणल्यावाचून नवरा घरात पाय ठेवेना

असं नाव, सवयी, सासर-माहेर सगळं घुसडलं की गाणं तिचं होतं, आणि बायका हसतात तेव्हाच ते जमलं असं समजायचं. कौसल्येचे डोहाळेही गातात पण तिथंही मुद्दा तोच, तिला काय हवंसं वाटतं. हेच लक्षात ठेवलं की पाळण्याशी घोटाळा होत नाही. महिने मोजणारं गाणं डोहाळ्याचं, आणि पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असे दिवस मोजत जो जो रे वर येणारं गाणं पाळण्याचं, ते बाळ झाल्यावर बारशाला. कित्येक डोहाळजेवणांत स्पीकरवर पाळणा लावलेला असतो, आणि मग कोणीतरी आजी कोपऱ्यातून "अगो, अजून बाळ यायचंय" म्हणते ती बरोबरच म्हणते.

अजून एक चूक म्हणजे संतानगोपाल मंत्र. देवकीसुत गोविंद म्हणून सुरू होतो, छान वाटतो, म्हणून लावतात, पण तो मूल व्हावं म्हणून मागणं करणाऱ्याचा मंत्र आहे, पोटात सात महिन्यांचं बाळ असताना तो कशाला. म्हणायचंच असेल तर रामरक्षा म्हणा, तिचा अर्थच रक्षणाचा आहे आणि घरात सगळ्यांना पाठ असते.

आशीर्वादातही हाच फरक दिसतो. होमातली मागणी मुख्यतः प्रजेसाठी आहे. ओटी भरताना मात्र बोलणं थेट तिच्याशी होतं. पाच सुवासिनी एकेक करून हळदकुंकू लावतात, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, फळं तिच्या पदरात घालतात, औक्षण करतात आणि म्हणतात "सुखरूप सुटका होऊ दे गं बाई". पूर्वी बाळंतपणात बाई वाचेल की नाही याचीच धास्ती असायची, ती त्या "सुटका" मध्ये आहे. सुवासिनीच हव्यात या नियमामुळे विधवा आजीला लांब बसवायचे, आता बऱ्याच घरांत पहिली ओटी तिलाच भरायला लावतात, आणि मला विचाराल तर तसंच करावं.

आणि ज्यांना वाटतं की शास्त्र एकीकडे आणि बायकांचं एकीकडे, त्यांच्यासाठी आश्वलायनाच्या त्याच सूत्रात शेवटाकडे एक ओळ आहे की नवरा आणि मुलं जिवंत असलेल्या म्हाताऱ्या बायका जे जे सांगतील ते ते करावं. नवरा जिवंत असल्याची अट तिथंही आहेच म्हणा. पण इतकं काटेकोर लिहिणारा माणूस उंबरं मोजून झाल्यावर पुढचं आज्यांवर सोपवतो.

दोन्ही करायचं असेल तर होम सकाळी, नवरा-बायको दोघं बसून, गुरुजींना आधीच सांगायचं की मंत्रांचे अर्थ मराठीत सांगा (पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनीच्या पोथ्यांत अर्थ दिलेले असतात, तिथं बायकाही पौरोहित्य करतात). मग तिला जेवून आडवं होऊ द्यायचं. वाडी, ओटी, गाणी, वाट्या उचलणं हे चार-साडेचारनंतर. पहिलटकरीण असेल तर हौसेनं दोन-दोन तास बसवतात, पाठ मोडते तिची, धूर आणि उदबत्तीनं मळमळतं ते वेगळंच, त्यामुळे आधी ओटी आणि औक्षण उरकून घ्या, तिला मागे उशी द्या, मग गाणी जेवढी तिला सोसतील तेवढी.