उशिरा येणारी उधारी आणि बुडणारी उधारी: भाव कशाचा लावायचा?

"शेठ, खात्यावर मांडा" असं म्हणणारं नेहमीचं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, की दुकानदाराच्या मनात दोन प्रश्न एकदमच येतात. पैसे कधी येतील आणि पैसे येतील का. दोन्हींची धास्ती सारखीच वाटते, म्हणून बरेच जण त्यांना एकाच उत्तरात बसवतात: उधारीवाल्याला किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त लावायचे आणि मोकळं व्हायचं. माझं म्हणणं असं, की उशिराची किंमत भावात घालता येते, बुडण्याची किंमत भावात घालता येत नाही. दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

एक खानावळ धरू. ती एका किराणा दुकानातून महिन्याला 50,000 रुपयांचा माल उचलते: तांदूळ, डाळ, तेलाचे डबे, साखर, बेसन. दुकानदाराची त्या मालाची खरेदी 46,000, म्हणजे सुटतात 4,000. होलसेलला जवळ जाणाऱ्या अशा विक्रीत मार्जिन एवढंच राहतं. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. बोली होती महिनाअखेरीची, पण खात्यावर बाकी कायम एक लाखाच्या आसपास असते, म्हणजे पैसा साधारण 60 दिवसांनी येतो.

आधी उशीर. बाकी एक लाख दिसत असली तरी त्यात दुकानदाराचा स्वतःच्या खिशातला पैसा 92,000 आहे, उरलेला न मिळालेला नफा. दुकानाला बँकेची सीसी, म्हणजे लागेल तसा पैसा काढता-भरता येणारी कर्जाची सोय, आहे आणि तिचं व्याज वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1 टक्का असेल, तर या अडकलेल्या पैशाचा खर्च महिन्याला 920 रुपये. चार हजारांतले 920 दरमहा गळतात. हे भरून काढायला 50,000 च्या मालाचा भाव 50,920 व्हायला हवा. 50 रुपये किलोच्या तांदळाला जेमतेम 92 पैसे. एवढा फरक खानावळीचा मालक सहज सोसतो, कारण त्याला दुसरीकडे दोन महिने कोणी थांबत नाही.

पण बँकेचं व्याज हाच आपल्या पैशाचा खर्च, असं धरून चालणं धोक्याचं आहे. घाऊक व्यापारी रोखीला 2 टक्के सूट देतो आणि ती नको असेल तर 15 दिवसांची मुदत देतो, ही अनेक बाजारांतली रीत. आता या दुकानदाराकडे सीसी नाही आणि खानावळीकडे अडकलेल्या पैशामुळे तो रोख सूट घेऊ शकत नाही असं समजा. ते 92,000 हातात असते तर महिन्यात दोनदा फिरले असते आणि 1,84,000 च्या खरेदीवर 2 टक्के, म्हणजे 3,680 रुपये वाचले असते. खानावळीकडून सुटतात 4,000. वर्षभर ज्या गिऱ्हाइकाला सांभाळलं, त्याच्याकडून हातात पडले महिन्याला 320 रुपये. पंधरा दिवसांसाठी सोडलेली 2 टक्के सूट वर्षाच्या हिशेबाने जवळपास 50 टक्के व्याजासारखी पडते, हे फार थोडे जण मांडून बघतात.

म्हणून भाव ठरवण्याआधी स्वतःला विचारायचं की हा पैसा आज हातात असता तर मी त्याचं काय केलं असतं. सीसीत भरला असता तर खर्च 12 टक्के. रोख सूट घेतली असती तर खर्च त्याच्या चौपट. दुसऱ्या बाबतीत उधारीचा भाव सात टक्क्यांच्या वर चढवावा लागतो आणि शेजारचं दुकान असताना तो कुणी देणार नाही. अशा वेळी आधी सीसी करून घ्यावी, रोख सूट कधीच सोडू नये, आणि मगच गिऱ्हाइकाला मुदत द्यावी. तेही जमत नसेल तर 60 दिवसांची उधारी या दुकानाला परवडत नाही, गिऱ्हाईक कितीही सज्जन असो.

उशिराचा खर्च भावात घालायच्या पद्धतीबद्दलही थोडं. पाकीटबंद मालावर छापलेल्या एमआरपीच्या वर एक पैसाही लावता येत नाही, मग तो उधारीसाठी असो की आणखी कशासाठी. सुट्या मालाला ती अडचण नाही. म्हणून उधारीवाल्याला भाव चढवण्याऐवजी मूळ भावच उधारीचा धरावा आणि रोखीवाल्याला बिलातच सूट दाखवावी. गिऱ्हाइकालाही ते पटतं: आपल्याला दंड लागला असं वाटत नाही, रोख दिले तर वाचतात एवढंच दिसतं. नंतर वेगळं व्याज लावायचं म्हटलं तर जीएसटीच्या नियमांप्रमाणे उशिराचं व्याजही मालाच्या किमतीत धरलं जातं आणि त्यावर कर लागतो. बिलावरच दाखवलेली सूट मात्र किमतीतून वजा होते. हिशेब सोपा राहतो तो सुटीनेच.

आता बुडणं. खानावळ रातोरात बंद झाली आणि एक लाख बुडाले, तर दुकानदाराचे खरे गेले 92,000. ते भरून निघायला महिना 4,000 च्या नफ्याने अशाच दुसऱ्या खानावळीला 23 महिने माल घालावा लागेल, तोही घरखर्चाला एक पैसा न काढता. शिवाय नेहमीच्या जीएसटी नोंदणीवाल्याने त्या बिलांवरचा कर आधीच भरलेला असतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही याच्याशी सरकारला घेणं नाही आणि येणं बुडालं म्हणून भरलेला कर परत मिळत नाही.

हे नुकसान भावात का घालता येत नाही? दुकानाची अशी दोनशे खाती असती तर वर्षाला दोन-तीन बुडतील असं धरून सगळ्यांवर थोडं थोडं चढवता आलं असतं. पण साध्या दुकानाची मोठी खाती चार-पाच असतात. चार खानावळींची वर्षाची विक्री 24 लाख, त्यातली एक 92,000 घेऊन गेली, तर भार बसतो जवळपास 4 टक्क्यांचा, आणि तो उरलेल्या तिघांनी का सोसावा? सोसत नाहीतच. भाव चढला की वेळेवर देणारं गिऱ्हाईक आधी सरकतं, कारण त्याला कुठेही माल मिळतो. ज्याला दुसरीकडे कोणी उधार देत नाही, ते गिऱ्हाईक राहतं. आणि ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, तो 92 पैशांवरून घासाघीस करत नाही, तुम्ही लावाल तो भाव त्याला मान्य असतो. बुडण्याच्या भीतीने चढवलेला भाव बुडवणारी खातीच गोळा करतो.

बुडण्यावरचा उपाय म्हणजे मर्यादा. एका खात्यावर जास्तीत जास्त किती बाकी राहू द्यायची, हा आकडा माल द्यायला सुरुवात करतानाच ठरवून गिऱ्हाइकाला सांगायचा. माझ्या मते एका गिऱ्हाइकाकडून वर्षात जेवढा नफा सुटतो, तेवढीच आपली रक्कम त्याच्याकडे अडकू द्यावी. या खानावळीच्या बाबतीत तो नफा 48,000 आहे, म्हणजे साधारण एका महिन्याचा माल. आणि इथेच दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात. 920 रुपये जास्त घेऊन दुकानदार 60 दिवसांना तयार झाला, भाव बरोबर लावला, उशिराचा पैसा वसूल झाला. पण त्या जादाच्या 30 दिवसांमुळे बुडू शकणारी रक्कम दुप्पट झाली, आणि तिच्यासाठी त्याने काहीच घेतलेलं नाही. मुदत वाढवून द्यायची तर मालाची उचल कमी करावी लागते. नुसता भाव वाढवून ते भागत नाही.

आता उशिरा देणारा कोण आणि बुडवण्याच्या वाटेवर असलेला कोण, हे ओळखायचं कसं? दोघेही "पुढच्या आठवड्यात नक्की" असंच सांगतात, त्यामुळे बोलण्यावरून कळत नाही. दर महिनाअखेरीला बाकीला त्या महिन्याच्या खरेदीने भागून 30 ने गुणायचं. येतात ते दिवस. खानावळीचं खातं बघा. एप्रिलअखेर बाकी 1,00,000 आणि खरेदी 50,000, म्हणजे 60 दिवस. मेमध्ये तिने 55,000 चा माल नेला आणि 35,000 भरले, बाकी 1,20,000, दिवस 65. जूनमध्ये 40,000 चा माल, भरले 20,000, बाकी 1,40,000, दिवस 105. दर महिन्याला पैसे येत होते म्हणून दुकानदार निश्चिंत होता. जे आकडे 58, 61, 60 असे हलत राहतात ते उशिरा देणाऱ्याचे. 60, 65, 105 हे वेगळ्या वाटेचे आहेत. खरेदी कमी होऊन बाकी वाढत असेल तर बहुधा रोखीचा माल तो दुसरीकडून घेतोय आणि तुमच्याकडे फक्त उधारीचा.

भरणा कसा येतो तेही बघावं. उशिरा देणारा मार्चचं बिल मार्चचं म्हणून पूर्ण चुकतं करतो. अडचणीतला माणूस दहा हजार, पाच हजार असे गोल आकडे "खात्यावर घ्या" म्हणून ठेवून जातो, कोणत्या बिलाचे ते सांगत नाही, आणि लगेच त्याहून मोठी यादी देतो. यादीत तेलाचे डबे आणि साखरेचं पोतं अचानक वाढलं, पण हळद-मोहरी तेवढीच राहिली, तर तो माल स्वयंपाकाला जातोय की विकायला, याची चौकशी करावी. सीसी देणाऱ्या बहुतेक बँकाही 90 दिवसांपुढचं येणं हिशेबात धरत नाहीत. आपणही तिथवर थांबू नये.

दिवस 75 च्या पुढे गेले, की जुनी बाकी गोठवायची आणि नवा माल रोखीने द्यायचा. माल पूर्ण तोडला तर खानावळ लवकर बंद पडेल आणि जुने पैसेही जातील. रोखीने माल चालू ठेवला तर तिचा धंदा चालतो, आणि त्यातून जुन्या बाकीचे दर आठवड्याला ठरलेले हप्ते मागता येतात. त्याच दिवशी खातेउतारा काढून "एवढी बाकी मान्य" अशी तारखेसह त्याची सही घ्यावी. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची कायद्याची मुदत 3 वर्षांची आहे. ती मुदत संपायच्या आत सहीने बाकी मान्य केलेली असेल, तर त्या सहीच्या तारखेपासून 3 वर्षं नव्याने मोजली जातात.