थेट प्रश्नोत्तर-सूचना

एखादा तज्ज्ञ ठरावीक वेळी श्रोत्यांच्या किंवा प्रेक्षकांच्या प्रश्नांना थेट उत्तरे देणार आहे, हे आधी कळवणारा छोटा मजकूर. दूरचित्रवाणीवर तो पट्टी म्हणून सरकतो आणि समाजमाध्यमांवर चित्राखालची ओळ, म्हणजे ‘कॅप्शन’, म्हणून येतो. विषय, तज्ज्ञ, वेळ आणि प्रश्न पाठवण्याची रीत ही त्याची चार अंगे.

या प्रकाराचे मूळ कोठे, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ते ब्रिटिश नभोवाणीत शोधतात. १९४० च्या दशकात बीबीसीवर श्रोत्यांनी पाठवलेल्या प्रश्नांना जाणकार मंडळी उत्तरे देत. मात्र हे कार्यक्रम बऱ्याच वेळा ध्वनिमुद्रित असत. अशा वेळी प्रश्नासाठी पत्ता पुरे होतो, उत्तराच्या घटकेला बंधन राहत नाही. दुसरे मत कॅनडातील १९४१ च्या शेतकरी नभोवाणी मंडळांकडे बोट दाखवते. त्याच धर्तीवर १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापून आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकवला जाई. ऐकून झाल्यावर चर्चा होई आणि मंडळाच्या शंका केंद्राकडे परत जात. श्रोत्याला वार, वेळ आणि प्रश्न कळवण्याचा मार्ग तिन्ही आधीच ठाऊक असणे हे या प्रयोगात आवश्यकच होते. त्यामुळे निदान मराठी प्रदेशापुरता हा पूर्वज अधिक जवळचा वाटतो. तिसरे मत आंतरजालाचे आहे, पण तेथे रूप बदलले असले तरी रचना जुनीच राहिली.

आंतरजालावरील सर्वांत गाजलेले उदाहरण २९ ऑगस्ट २०१२ चे आहे. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी रेडिट या संकेतस्थळावर ‘काहीही विचारा’ या सदरात सूचना लिहिली. आपण कोण, प्रश्न किती वेळ घेणार (अर्धा तास), सुरुवात केव्हा (साडेचारच्या सुमारास, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) आणि लिहिणारा खरोखर तोच असल्याचा पुरावा, एवढाच मजकूर होता. कालक्षेत्र लिहिल्यामुळेच ती सूचना परदेशात वाचण्यासारखी झाली, कारण ती वेळ भारतात ३० ऑगस्टच्या पहाटे दोनची होती. तारीखच बदलते, हे घाईत सुटते.

कालक्षेत्राची अडचण परदेशस्थ मराठी मंडळींसाठी ठेवलेल्या सत्रांत वारंवार येते. शनिवार, १ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात सायंकाळी ७ वाजले, तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ होते. पुढच्या शनिवारी त्याच भारतीय वेळेला तेथे साडेआठ झाले, कारण मधल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे गेली. दुबईत मात्र दोन्ही शनिवारी साडेपाचच. ‘दर शनिवारी, नेहमीच्या वेळी’ असे लिहिणारा म्हणून चुकतो. भारतीय वेळ असे स्पष्ट लिहून तारीख व वार दोन्ही द्यावेत. ‘रात्री १२’ असे लिहिले तर कोणत्या तारखेचे, हे कळत नाही, ११:५५ बरे.

प्रश्न पाठवण्याच्या सूचनेवर सत्राचा दर्जा ठरतो. द्राक्षबागायतदारांसाठीचे सत्र घेऊ. ‘आपले प्रश्न पाठवा’ एवढेच लिहिले, तर ‘पानांवर डाग आलेत, काय फवारू?’ असे प्रश्न येतात आणि तज्ज्ञाचा वेळ उलट विचारण्यात जातो. जाणकार निवेदक असे लिहितो :

‘द्राक्ष : फळछाटणीनंतरचा केवडा. शनिवार, १ नोव्हेंबर, सायं. ७ ते ८ (भारतीय वेळ). प्रश्न शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. सोबत तालुका, वाण, छाटणीची तारीख आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो.’

दोन्ही बाजू कशासाठी? केवडा या रोगात पानावर वरून पिवळट, तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसते. भुरी या दुसऱ्या रोगाची पांढरी भुकटी बहुधा वरच्या बाजूलाही असते. छाटणीची तारीख कळली की बाग कितव्या दिवसात आहे हे समजते, आणि फवारणीचा सल्ला त्यावरच बेततो. तासाभरात, एका उत्तराला चार मिनिटे धरली, तर पंधरा प्रश्न होतात. म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र करण्यासाठी आदल्या रात्रीची मुदत लागते.

माध्यमाच्या मर्यादाही आहेत. इन्स्टाग्रामवर मजकुराला २,२०० वर्णांची मुभा असली तरी सुरुवातीचा थोडाच भाग उघडा दिसतो. म्हणून वेळ पहिल्या ओळीत हवी. देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त हे स्वतंत्र वर्ण मोजले जातात : ‘प्रश्न’ हा डोळ्याला दोन-तीन अक्षरांचा शब्द, पण मोजणीत सहा वर्णांचा. कॅप्शनमधील दुवा तेथे टिचकीने उघडतही नाही. स्टोरीतील प्रश्नपेटी २४ तासांनी दिसेनाशी होते. शुक्रवारी रात्री ९ ची मुदत असेल, तर ती गुरुवारी रात्री ९ च्या आधी टाकून उपयोग नाही.