स्थिरबिंदू अंकगणित (एम्बेडेड सी)

अपूर्णांक ठरावीक पटीने वाढवून पूर्णांकात साठवण्याची आणि त्यावर पूर्णांकांच्याच क्रियांनी हिशेब करण्याची पद्धत. कॉर्टेक्स-एम०, एव्हीआर अशा मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट नसते. तिथे `float` चा गुणाकारही लायब्ररीतून होतो, म्हणून ही पद्धत वापरतात.

पद्धत जुनी आहे. बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४६च्या अहवालात तिचाच पुरस्कार केला होता. पट २च्या घातात घेतली की भागाकाराऐवजी शिफ्ट पुरते. Q15 मध्ये ही पट ३२७६८ असते, ०.०१ साठी ३२८ लिहावे लागते. लेखनपद्धतीत मात्र एकवाक्यता नाही. याच १६ बिटांच्या मांडणीला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या परंपरेत Q0.15, तर एआरएमच्या परंपरेत Q1.15 म्हणतात, कारण दुसरी परंपरा चिन्हाचा बिटही मोजते. अपूर्णांकाचे बिट तेवढे सांगणारे Q15 हे रूप कमी घोटाळ्याचे.

१२ बिटांच्या एडीसीचे वाचन स्थिर करणारा साधा लो-पास फिल्टर असा लिहिला जातो:

```c
y += ((int32_t)(x - y) * 328) >> 15;
```

`int32_t` चा कास्ट गाळला, तर एव्हीआरवर `int` १६ बिटांचा असल्याने फरक १०० होताच गुणाकार ३२८०० होतो आणि ३२७६७ ची मर्यादा ओलांडतो. चिन्हांकित ओव्हरफ्लोचे वर्तन सी भाषेत अनिर्धारित आहे. उत्तर ऋण येईलच, असेही धरता येत नाही. कॉर्टेक्स-एम०वर `int` ३२ बिटांचा असल्याने तीच ओळ बिनबोभाट चालते. डेस्कटॉपवरच्या चाचणीत ही चूक सापडत नाही ती यामुळेच.

कास्ट असूनही दुसरा दोष उरतो. फरक ९९ असला की गुणाकार ३२४७२ भरतो आणि शिफ्टनंतर शून्य उरतो, म्हणून `y` वर चढताना ९९ काउंट अलीकडेच अडकतो. ३.३ व्होल्ट संदर्भावर ही तूट सुमारे ८० मिलिव्होल्ट होते. उतरताना मात्र असे होत नाही. ऋण संख्येचे उजवे शिफ्ट अंमलबजावणीवर सोपवलेले असले, तरी जीसीसी चिन्ह राखते, आणि −३२८ चे −१ होते. `y` नेमका `x` पर्यंत पोचतो. इनपुट एकच असूनही चढती आणि उतरती वाचने निराळ्या जागी थांबली, तर कारण बहुधा हेच असते.

शिफ्टमध्ये गळणारे बिट जपणे हा उपाय:

```c
static int32_t acc;            /* y << 15 */
acc += (x - (acc >> 15)) * (int32_t)328;
y = acc >> 15;
```

४०९५ ला ३२७६८ ने गुणले तरी सुमारे १३.४ कोटीच होतात, म्हणून `acc` ३२ बिटांत सहज मावतो.

पूर्ण Q15 गुणाकारात −१ × −१ हा एकच अपवाद सांभाळावा लागतो. त्याचे उत्तर ३२७६८ येते, ते `int16_t` मध्ये मावत नाही. ३२७६७ वर छाटावे लागते. कॉर्टेक्स-एम३ मध्ये त्यासाठी `SSAT` ही सूचना आहे. एम०वर `if` लिहावा लागतो.